काचपट्टीवरच्या पाच पांढऱ्या पेशी

सीबीसीच्या अहवालात एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याखाली पाच नावे ओळीने छापलेली असतात: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. प्रत्येकापुढे टक्केवारी असते. एकूण पांढऱ्या पेशींत कोणती जात किती, हे ती सांगते. आज बहुतेक लॅबमध्ये ही मोजणी यंत्र करते. पण यंत्राला शंका आली, की रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि या पाच जाती माणसाच्या डोळ्यांनी ओळखाव्या लागतात.

रंगाशिवाय ही ओळख अवघड असते, कारण रंग न दिलेल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ पारदर्शक दिसतात. भारतातील लॅबमध्ये त्यासाठी बहुधा लेशमनचा रंग वापरतात. ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर विल्यम लेशमन यांनी तो 1901 साली सुचवला. त्यात दोन प्रकारचे रंग असतात. इओसिन हा आम्लधर्मी, लालसर. मेथिलीन ब्लू आणि त्यापासून तयार झालेले अझुर हे अल्कधर्मी, निळे-जांभळे. पेशीतला जो भाग अल्कधर्मी तो इओसिन धरतो, जो आम्लधर्मी तो निळा रंग धरतो. म्हणून तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन गुलाबी दिसते आणि डीएनएने भरलेले केंद्रक जांभळे दिसते. तीन जातींची नावेही यावरूनच पडली आहेत. इओसिनवर ओढ असलेले कण ज्यात आहेत ती इओसिनोफिल, अल्कधर्मी रंग धरणारे कण ज्यात आहेत ती बेसोफिल आणि कोणत्याच टोकाला न झुकणारी ती न्यूट्रोफिल. पाउल एर्लिख यांनी 1879 च्या सुमारास अशाच रंगांच्या साहाय्याने या पेशी वेगळ्या काढल्या.

रंगवण्याची कृती साधी असली तरी तिच्यात वेळ पाळावी लागते. वाळलेल्या लेपावर मूळ रंगाचे आठ-दहा थेंब टाकून सुमारे दोन मिनिटे ठेवतात. रंग मिथेनॉलमध्ये बनवलेला असल्याने या वेळात पेशी काचेवर पक्क्या बसतात. मग त्यावर दुप्पट बफर पाणी टाकून हलकेच मिसळतात आणि आठ ते दहा मिनिटे थांबतात. खरे रंगकाम या दुसऱ्या टप्प्यात होते. बफरचा पीएच 6.8 च्या आसपास असावा लागतो, कारण निळा आणि लाल यांचा तोल त्यावर ठरतो. शेवटी काच धुऊन उभी वाळवतात.

पाहायचे कुठे, हेही ठरलेले असते. लेपाचे डोके जाड असते, तिथे पेशी एकमेकींवर चढतात. शेपटीच्या टोकाला त्या चपट्या होऊन फाटतात. शिवाय आकाराने मोठ्या पेशी कडेला आणि टोकाला ओढल्या जातात, त्यामुळे फक्त तिथली मोजणी फसवी ठरते. शेपटीच्या थोडे अलीकडे असा पट्टा मिळतो, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात आणि त्यांच्या मध्यभागी फिकट जागा स्पष्ट दिसते. तिथे तेलाचा थेंब टाकून शंभर पट भिंगाने, नागमोडी वाटेने एकेक पांढरी पेशी पाहत जातात आणि शंभर भरेपर्यंत मोजतात.

या पट्ट्यातली तांबडी पेशी मोजपट्टीचेही काम करते. तिचा व्यास सुमारे 7 ते 8 मायक्रॉन असतो. पांढरी पेशी तिच्या दीडपट आहे की दुप्पट, हे नजरेने सांगता येते. त्यानंतर प्रत्येक पेशीला क्रमाने तीन प्रश्न विचारायचे: पेशीद्रव्यात ठळक कण आहेत का? असल्यास त्यांचा रंग आणि आकार काय? केंद्रक कसे आहे?

सर्वाधिक भेटते ती न्यूट्रोफिल. निरोगी प्रौढ माणसात साधारण 40 ते 75 टक्के पेशी याच जातीच्या असतात. व्यास 12 ते 15 मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या जवळपास दुप्पट. केंद्रक एकसंध नसते. त्याचे बहुधा तीन-चार खंड असतात आणि ते बारीक धाग्यांनी जोडलेले असतात. पेशीद्रव्य फिकट गुलाबी असते आणि त्यात इतके बारीक जांभळट कण असतात, की ते सुटे मोजता येत नाहीत. धुळीसारखी एक झाक तेवढी जाणवते. केंद्रकाचे खंड पडलेले नसून ते वाकलेल्या पट्टीसारखे असेल, तर ती याच जातीची कमी वयाची, ‘बँड’ नावाची पेशी असते.

इओसिनोफिल आकाराने न्यूट्रोफिलएवढी किंवा किंचित मोठी असते. प्रमाण 1 ते 6 टक्के. तिचे केंद्रक बहुधा दोन खंडांचे, चष्म्याच्या दोन काचांसारखे दिसते. पण खरी खूण तिच्या कणांत असते. ते मोठे, गोल, सारख्या आकाराचे, नारिंगी-लाल असतात आणि पेशीद्रव्यात दाटीने भरलेले असतात. भिंग थोडे वर-खाली केले, की एकेक कण चमकून सुटा दिसतो. ते सहसा केंद्रकावर चढत नाहीत.

बेसोफिल सर्वांत दुर्मीळ. ती 1 टक्क्याहून कमी असल्याने शंभर पेशी मोजून एकही न दिसणे अगदी स्वाभाविक आहे. तिचे कण जाड, ओबडधोबड, गडद निळे-जांभळे असतात आणि केंद्रकावर पसरतात. त्यामुळे खालचे केंद्रक धड दिसत नाही. हे कण पाण्यात विरघळू शकतात. रंगवताना ते धुऊन गेले, तर त्यांच्या जागी रिकाम्या खळग्या राहतात आणि पेशी ओळखणे अवघड होते. याउलट रंगाचा न गाळलेला गाळ पेशीवर बसला, तर साध्या न्यूट्रोफिललाही बेसोफिलचे रूप येते. गाळ पेशीबाहेरही, तांबड्या पेशींवर आणि मोकळ्या काचेवर पडलेला असतो. एवढे पाहिले, की फसगत टळते.

उरलेल्या दोन जातींत ठळक कण नसतात, म्हणून तिथे केंद्रक आणि पेशीद्रव्य यांवरूनच निवाडा करावा लागतो. लहान लिम्फोसाइट तांबड्या पेशीहून थोडीच मोठी असते. तिचे गोल, गडद, घट्ट केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापते आणि पेशीद्रव्याची फक्त निळसर किनार उरते. प्रमाण साधारण 20 ते 45 टक्के. लहान मुलांत मात्र ते बरेच जास्त असते. ही पेशी ओळखणे सोपे असते. खरा पेच मोठ्या लिम्फोसाइटचा असतो. तिला आकाशी रंगाचे ऐसपैस पेशीद्रव्य असते, कधी त्यात चार-दोन लालसर-जांभळे कणही दिसतात, आणि तिची मोनोसाइटशी गल्लत होते.

मोनोसाइट ही पाचांतली सर्वांत मोठी, 15 ते 20 मायक्रॉनची. प्रमाण 2 ते 10 टक्के. केंद्रक घोड्याच्या नालेसारखे किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचे, घड्या पडलेले असते. त्यातला जांभळा पदार्थ गठ्ठ्यांनी न बसता सैल जाळीसारखा पसरलेला असतो. पेशीद्रव्य राखाडी-निळे, घासलेल्या काचेसारखे धुरकट असते आणि त्यात अनेकदा छोटे रिकामे फुगे दिसतात. शंका असेल तेव्हा केंद्रकाचा पोत आणि पेशीद्रव्याचा रंग या दोन खुणा निर्णायक ठरतात. घट्ट गठ्ठे आणि स्वच्छ आकाशी पेशीद्रव्य असेल तर लिम्फोसाइट. सैल जाळी आणि राखाडी धुरकटपणा असेल तर मोनोसाइट. केवळ केंद्रकाच्या आकारावर विसंबू नये, कारण लिम्फोसाइटच्या केंद्रकालाही खाच असू शकते आणि मोनोसाइटचे केंद्रक कधी गोलही असते. डेंग्यूसारख्या विषाणूजन्य तापात चेतवलेल्या लिम्फोसाइट मोठ्या होतात. त्यांचे पेशीद्रव्य शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगते आणि कडेला गडद निळे होते. त्या मोनोसाइटमध्ये मोजल्या गेल्या, तर दोन्ही आकडे चुकतात.

रंगाचा तोल ढळला, की काय होते हे एका कल्पित उदाहरणावरून कळते. समजा, एका रक्ताची एकूण पांढऱ्या पेशींची संख्या 11,000 आहे आणि मोजणीत न्यूट्रोफिल 48, इओसिनोफिल 26, लिम्फोसाइट 21, मोनोसाइट 5 अशा शंभर पेशी मिळाल्या. इओसिनोफिल 26 टक्के म्हणजे प्रति घन मिलिमीटर 2,860. एरवी हा आकडा 500 च्या आत असतो. पण त्या काचेवर तांबड्या पेशी गुलाबी नसून भडक लाल दिसत आहेत आणि केंद्रके फिकट पडली आहेत. बफर आम्लधर्मी झाल्याची ही खूण. अशा काचेवर न्यूट्रोफिलचे पेशीद्रव्यही लालसर होते आणि घाईत ती इओसिनोफिल समजली जाते. त्याच रक्ताचा नवा लेप योग्य पीएचच्या बफरने रंगवून मोजला, तेव्हा न्यूट्रोफिल 66, इओसिनोफिल 7, लिम्फोसाइट 22, मोनोसाइट 5 असे आकडे आले. आता इओसिनोफिल 770 भरतात. किंचित वाढ खरी आहे. ॲलर्जी किंवा जंत यांचा विचार करावा लागेल. मात्र आधीच्या आकड्याने जी मोठी शोधाशोध सुरू झाली असती, तिची गरज उरत नाही. पहिल्या काचेवरही लाल झाक असलेल्या पेशींत मोठे, सुटे, गोल कण शोधले असते, तर ते तिथे सापडले नसते आणि केंद्रकाचे खंड तीन-चार दिसले असते.

बफर अल्कधर्मी झाला किंवा लेप जाड असला, तर उलटे घडते. सगळी काच निळसर-राखाडी होते, इओसिनोफिलचे कणही मळकट दिसतात. त्यामुळे अनुभवी तंत्रज्ञ पांढऱ्या पेशीकडे वळण्याआधी तांबड्या पेशींचा रंग तपासतो. त्या गुलाबी असल्या, तरच बाकीच्या रंगांवर भरवसा ठेवता येतो.

रक्त नळीत किती वेळ पडून होते, हेही महत्त्वाचे आहे. ईडीटीएच्या नळीत रक्त तासन्‌तास राहिले, तर मोनोसाइटमध्ये फुगे वाढतात, लिम्फोसाइटच्या केंद्रकाला खाचा पडतात आणि न्यूट्रोफिलचे खंड आक्रसून गोल गोळे होतात. मग पाचही जातींच्या खुणा एकमेकींत मिसळू लागतात. म्हणून लेप रक्त घेतल्यापासून एक-दोन तासांत काढणे चांगले.

सर्व काही नीट जमले, तरी शंभर पेशींच्या मोजणीला तिची मर्यादा असते. शंभरांत 7 इओसिनोफिल दिसल्या, तर खरे प्रमाण साधारण 3 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. दोन दिवसांच्या अहवालांत 5 आणि 8 असे आकडे आले, तर एवढ्यावरून इओसिनोफिल वाढल्या असे म्हणता येत नाही.