पेट्या वाढवल्या, पण रेट किती उतरला?

किराणा दुकानदार जास्त माल घ्यायचं ठरवतो तेव्हा एजन्सीला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वीस पेट्या घेतो, किती कमी कराल?" समोरून उत्तरही ठरलेलं येतं: "कंपनीचाच रेट आहे, आमच्या हातात काही नाही." बोलणं तिथेच थांबतं. दुकानदाराला वाटतं शेठ अडून बसलेत आणि शेठना वाटतं गिऱ्हाईक उगाच पिळतंय. मी बरीच वर्षं एका एजन्सीचे हिशेब लिहिले. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं हे मी तिथे पाहिलं. फक्त कमी होऊ शकणारे पैसे नेमके कुठे आहेत हे दुकानदाराला सहसा कोणी सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. धुण्याच्या पावडरचं एक किलोचं पाकीट आहे. एजन्सी ते कंपनीकडून 95 रुपयांना घेते आणि दुकानाला 100 रुपयांना देते. दोन्ही रेट जीएसटीशिवायचे आहेत. पेटीत 12 पाकिटं. पाच रुपये ऐकायला बरे वाटतात, पण त्यातून टेम्पो, ड्रायव्हर, हमाल, ऑर्डर घ्यायला फिरणारा सेल्समन, गोडाऊनचं भाडं, उधारीत अडकलेल्या पैशाचं व्याज आणि फुटलेला माल हे सगळं भागवायचं असतं. शेठच्या हातात शेवटी रुपया-सव्वा रुपया उरतो. अशा माणसाकडे सरळ पाच टक्के मागितले तर तो नाहीच म्हणणार. म्हणून आधी आपल्या मोठ्या ऑर्डरने त्याचा कोणता खर्च वाचतो ते पाहावं. त्यातलाच वाटा मागता येतो.

आता दुकानाकडून पाहू. तालुक्याच्या गावातलं एक दुकान आहे. बाई स्वतः गल्ल्यावर बसतात. या एजन्सीकडून त्या दर आठवड्याला साधारण 6,000 रुपयांचा माल घेतात. त्यात पावडरच्या दोन पेट्या, म्हणजे 2,400 रुपये. बाकी साबण, टूथपेस्ट, शाम्पूच्या माळा. उधारी 14 दिवसांची. टेम्पोचा दिवसाचा खर्च 1,800 रुपये धरला आणि तो तीस दुकानं करतो असं मानलं, तर एका दुकानात माल टाकायला 60 रुपये पडतात. 6,000 च्या बिलावर हा एक टक्का झाला. चौदा दिवसांच्या उधारीचं व्याज वर्षाला 12 टक्क्यांनी शेकडा 46 पैसे होतं. म्हणजे रोख देणारं आणि एका फेरीत जास्त माल उचलणारं दुकान शेठला शेकडा रुपया-सव्वा रुपया वाचवून देतं. एजन्सीच्या खिशातून मिळण्यासारखी रक्कम जवळपास एवढीच असते.

बाईंनी शेठना विचारलं, "पावडरच्या वीस पेट्या एकदम घेतल्या, पैसे माल उतरताच दिले, तर?"

शेठ म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी दीड टक्का करतो. याच्यावर मला परवडत नाही."

शेठ खोटं बोलत नव्हते. 24,000 च्या बिलावर टेम्पोचे 60 रुपये म्हणजे शेकडा पंचवीस पैसे. तिथे पाऊण टक्का वाचला. उधारी गेल्यामुळे आणखी अर्धा टक्का. जेवढं वाचत होतं त्याहून थोडं जास्तच ते देत होते.

पण बाईंना हा सौदा घ्यावा का? त्यांची विक्री आठवड्याला दोन पेट्यांची आहे. वीस पेट्या दहा आठवडे पुरणार, म्हणजे एक पाकीट दुकानात सरासरी 35 दिवस पडून राहणार. आधी माल आठवड्यात विकला जायचा आणि पैसे चौदाव्या दिवशी द्यायचे, त्यामुळे व्यवहार एजन्सीच्या पैशावर चालायचा. पाकीट सरासरी साडेतीन दिवसांत विकलं जायचं आणि पुढे साडेदहा दिवस ती रक्कम बाईंच्या हातात असायची. आता तीच रक्कम 35 दिवस अडकणार. फरक सुमारे 45 दिवसांचा. बँकेचं 12 टक्के व्याज धरलं तर शंभर रुपयांवर दीड रुपया. दिलेली सगळी सूट व्याजात गेली. पैसे पतसंस्थेतून 15 टक्क्यांनी उचलले असते तर उलटा तोटा झाला असता. शिवाय माळ्यावर वीस पेट्यांची जागा अडते आणि पावसाळ्यात खालच्या पेटीला ओल लागली तर ते नुकसान वेगळं.

मोठ्या ऑर्डरचे बहुतेक सौदे इथेच फसतात. दुकानदार एकच वस्तू खूप उचलतो, कारण रेट त्या वस्तूचा असतो. पण टेम्पोवाल्याला पेटीत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तो दुकानापाशी थांबला की खर्च होतो. एजन्सीच्या दृष्टीने मोठी ऑर्डर म्हणजे एका थांब्यावर मोठं बिल, मग त्यात पावडर असो, साबण असो की शाम्पू. म्हणून बाईंनी दर आठवड्याऐवजी पंधरवड्याला एकदाच सगळा माल घ्यायचं ठरवलं तर बिल दुप्पट होतं, टेम्पोची एक फेरी वाचते आणि दुकानात कुठलीही वस्तू दोन आठवड्यांपेक्षा जास्त पडून राहत नाही.

दुसरा पैसा कंपनीच्या स्कीमचा. शेठ नाही म्हणतात ते त्यांच्या मार्जिनपुरतं. स्कीमचा पैसा ते कंपनीकडून क्लेम करून परत घेतात, म्हणून तो द्यायला त्यांचा हात आखडत नाही. स्कीम बहुधा टप्प्यांची असते. आपल्या पावडरवर समजा एका पेटीला एक टक्का आणि पाच पेट्यांपासून तीन टक्के अशी स्कीम आहे. पाचाच्या वर आणखी टप्पा नाही, म्हणजे वीस पेट्या घेऊनही स्कीममध्ये काही जास्त मिळत नव्हतं. बाई पंधरवड्याला चार पेट्या विकतात. एक पेटी वाढवली की त्या टप्प्यात जातात, आणि ती पेटी तीन-चार दिवस जास्त पडून राहते एवढंच. सेल्समनला "रेट कमी कर" म्हणण्यापेक्षा "या महिन्यात कुठल्या मालावर किती पेट्यांपासून स्कीम आहे, ते लिहून दे" असं म्हणावं. तो मोबाईलवर पाहून लगेच सांगतो, कारण टप्पा भरला तर त्याचं टार्गेटही भरतं.

स्कीम फुकट मालात असेल तर हिशेब नीट करायला हवा. "बारावर एक" ऐकल्यावर अनेक जण बाराने भागून आठ टक्क्यांच्या पुढे सूट धरतात. पण माल तेरा नगांचा आला आणि पैसे बाराचे दिले, तर सूट तेराव्या हिश्शाची, म्हणजे 7.7 टक्के. बिलाची निव्वळ रक्कम हातात आलेल्या एकूण नगांनी भागावी. दोन एजन्सींच्या किंवा एजन्सी आणि बाजारपेठेतल्या होलसेलरच्या रेटची तुलना त्याच आकड्यावर करावी. होलसेलर काही वेळा खरंच स्वस्त देतो, कारण त्याने वरचा टप्पा घेतलेला असतो आणि त्यातलं थोडं तो पुढे सोडतो. मात्र फुटका किंवा मुदत संपलेला माल तो सहसा परत घेत नाही. एजन्सीशी बोलताना होलसेलरचा रेट सांगावा, पण खरा तोच सांगावा. बाजारात काय चाललंय हे शेठना आपल्याआधी कळलेलं असतं.

बोलणी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करावीत हे बहुतेकांना माहीत आहे. सेल्समनला दुकानांतली विक्री दाखवायची असते आणि एजन्सीला कंपनीकडून घेतलेला माल मोकळा करायचा असतो. अशा वेळी अर्धा टक्का जास्त निघू शकतो. पण याच दिवसांत न चालणारा मालही दुकानदाराच्या गळ्यात मारला जातो. बिस्किटं आणि नमकीन अशी चार-सहा महिन्यांत संपवायची वस्तू असेल तर पेटीवरची उत्पादनाची तारीख आधी पाहावी. निम्मी मुदत उलटून गेलेला माल जादा सूट देऊनही महागच पडतो, कारण तो परत घ्यायची हमी त्या सौद्यात क्वचितच असते. मोठ्या ऑर्डरला मी तारखेची अट घालायला सांगेन: मुदतीचा किमान दोन-तृतीयांश काळ शिल्लक हवा, नाहीतर माल गाडीतच परत.

बाई दुसऱ्यांदा बोलल्या तेव्हा सूर वेगळा होता. "शेठ, सगळा माल पंधरा दिवसांतून एकदा. पावडर पाच पेट्या, स्कीमचा टप्पा पूर्ण. पैसे माल उतरला की यूपीआयने. तुमच्याकडून मला बिलावर एक टक्का हवा."

शेठनी थोडा विचार केला. "मध्ये एखादी वस्तू संपली तर टेम्पो परत मागवायचा नाही."

"नाही मागवणार. मुलगा गोडाऊनवर येऊन घेऊन जाईल."

या दोन वाक्यांनी सौदा झाला. शेठना जे वाचवायचं होतं ते त्यांना वाचताना दिसलं. आता आकडे पाहा. पंधरवड्याचं बिल सुमारे 13,200 रुपये. त्यावर एक टक्का म्हणजे 132 रुपये. पावडरच्या 6,000 रुपयांवर स्कीमचे वाढीव दोन टक्के, म्हणजे 120 रुपये. एकूण 252. उधारी सोडल्याचं आणि माल थोडा जास्त दिवस ठेवल्याचं व्याज 75 रुपयांच्या आसपास. उरले पावणेदोनशे, वर्षाचे साडेचार हजार, आणि माळा रिकामाच.

रोख म्हणजे नोटा, असं इथे समजू नये. एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांहून जास्त रक्कम नोटांनी दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. बारा-तेरा हजारांचं बिल यूपीआयने किंवा बँकेतून द्यावं. तेही शेठच्या लेखी रोखच असतं.

एक टक्का कसा मिळणार हेही तिथेच ठरवावं. सूट बिलावर छापून आली तर जीएसटी कमी रकमेवर लागतो आणि व्यवहार तिथेच संपतो. "पुढच्या महिन्यात क्रेडिट नोट देतो" असं ठरलं आणि त्या नोटेत जीएसटी धरलेला असला, तर दुकानदाराने घेतलेलं इनपुट क्रेडिट तेवढ्यापुरतं परत करावं लागतं, आणि नोट आली की नाही याचा पाठपुरावाही करावा लागतो. मी पाहिलेल्या बहुतेक कुरबुरी दुसऱ्या प्रकारातल्या होत्या: तोंडी ठरलेली सूट, बदललेला सेल्समन आणि कोणालाच आठवत नसलेला आकडा.

काही मालावर हे काहीच चालत नाही. जी टूथपेस्ट गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, तिच्यावर ना स्कीम असते ना शेठ काही सोडतात. ती नसेल तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं हे त्यांना माहीत असतं. अशी वस्तू मोठ्या बिलात सामील करून घ्यावी, म्हणजे बिलावरचा एक टक्का तिलाही लागू होतो. शेठ कधी कधी तिला वगळून सूट द्यायला पाहतात. त्यामुळे सूट "बिलावर" की "ठरावीक मालावर" हे पहिल्या बिलाच्या वेळीच विचारून घ्यावं.