भेग वरून उतरली की खालून चढली?

अकोला किंवा अमरावतीकडचं एखादं दुमजली घर डोळ्यासमोर आणा. विटांच्या भिंतींवर थेट स्लॅब टेकलेला, म्हणजे लोड बेअरिंग बांधकाम. लांबी साधारण 14 मीटर, पाया काळ्या मातीत, मागच्या कोपऱ्यात न्हाणीघर आणि त्याच्या सांडपाण्याचं चेंबर. मे महिन्यात या घरात तीन भेगा ठळक दिसतात. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीत, स्लॅबच्या लगेच खाली एक आडवी भेग. गच्चीच्या कठड्यात दोन-तीन उभ्या भेगा. आणि मागच्या कोपऱ्याजवळ जोत्यापासून तिरकी वर चढत गेलेली एक. घरमालक गवंड्याला बोलावतो. गवंडी तिन्ही भेगा सिमेंटने बुजवतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिन्ही परत उघडतात.

तिन्ही बुजवल्या सारख्याच, पण जन्माने त्या सारख्या नाहीत. पहिल्या दोन तापमानाच्या आहेत, तिसरी पाया खचल्याची. पहिल्या दोन नीट सांभाळल्या तर त्यांच्यासह घर कित्येक वर्षं सुखाने उभं राहतं. तिसरीकडे मात्र तातडीने लक्ष द्यावं लागतं.

काँक्रीट तापलं की वाढतं. दर मीटरला, दर अंश सेल्सियसला, अदमासे एक मिलिमीटरचा शंभरावा भाग. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हिवाळ्यातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत स्लॅबच्या तापमानात 30 अंशांचा फरक पडला, तर 14 मीटरचा स्लॅब 4 मिलिमीटरहून अधिक लांबतो. खालची विटांची भिंत सावलीत असते, तिला स्लॅबइतकं ऊन लागत नाही. शिवाय वीट काँक्रीटच्या साधारण निम्मीच वाढते. त्यामुळे स्लॅब दोन्ही टोकांना दोन-दोन मिलिमीटर बाहेर सरकू पाहतो आणि भिंत जागची हलत नाही. भरीला उन्हाने स्लॅबची वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त तापते, म्हणून तो किंचित कमानीसारखा फुगतो आणि कडेला भिंतीवर ताण येतो. ही ओढाताण जिथे सर्वांत तीव्र, तिथे, म्हणजे स्लॅबच्या टेकणीखाली आणि कोपऱ्यांजवळ, आडवी भेग पडते. लांबीच्या मध्याकडे जाताना ती बारीक होत नाहीशी होते, कारण मधल्या भागात स्लॅब जवळजवळ हलतच नाही.

कठड्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याला दोन्ही बाजूंनी ऊन, पाऊस, वारा लागतो. तो रात्री थंड होऊन आखडतो, पण त्याचा तळ स्लॅबला जखडलेला असतो. मग तो मध्ये मध्ये उभा चिरतो. ही भेग वर रुंद, खाली बारीक असते आणि कठड्याच्या बुडाशीच संपते. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातही बाहेरून एक आडवी रेघ दिसते. पाणी शिरायची खरी वाट तीच.

काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती आधी वाळते, म्हणून कोपरे खाली बसतात. त्यातच एका कोपऱ्याशी चेंबर गळत असेल, तर तिथली माती वेगळ्याच तऱ्हेने वागते. सगळं घर सारखं बसलं असतं तर भिंतीला फारसं कळलंही नसतं. एकच कोपरा बसतो, म्हणून भिंत तिरकी फाटते.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो भेगेच्या मुक्कामाचा. तापमानाची भेग वरच्या मजल्यावर राहते. ती खालच्या मजल्यावर सहसा उतरत नाही आणि जोतं तर ओलांडतच नाही. खचल्याची भेग बहुतेकदा जोत्यातून आरपार जाते, खिडकीच्या कोपऱ्यांवरून वाट काढते आणि कधी कधी थेट कठड्यापर्यंत पोचते. कठड्यात भेग दिसली की तिथेच थांबू नका. जिना उतरून बाहेरून त्याच रेषेत जोत्यापर्यंत पाहत या.

दुसरी खूण तिरकेपणाची. स्लॅबच्या ढकलण्याने वरच्या मजल्यात तिरकी भेग पडली, तर ती बाहेरच्या कोपऱ्याकडे खाली उतरते आणि दोन्ही टोकांना एकमेकींच्या प्रतिबिंबासारखी जोडी दिसते. कोपरा खचला असेल तर भेग त्या कोपऱ्याकडे वर चढते, वर रुंद असते आणि सहसा एकाच बाजूला असते. या खुणेला एक मर्यादा आहे. घराचा मधला भाग खचला तर दोन्हीकडच्या भेगा बाहेर उतरणाऱ्याच दिसतात. तेव्हा निवाडा मजल्यावरूनच करायचा. अशा वेळी भेगांचा जोर तळमजल्यावर असतो.

तिसरी खूण घड्याळ देतं, आणि मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. उन्हाळ्यात दोन्ही प्रकारच्या भेगा ठळक होतात, त्यामुळे नुसत्या ऋतूवरून फसगत होते. पण माती दुपारपुरती आक्रसत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवा आणि त्यांच्यामधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने पहाटे सहाला आणि दुपारी चारला मोजा. आठवडाभर तारखेसह लिहून ठेवा. कठड्याची उभी भेग पहाटे रुंद आणि दुपारी अरुंद भरेल. स्लॅबखालच्या आडव्या भेगेवर पेन्सिलने उभी रेघ मारली, तर रेघेचा वरचा तुकडा दुपारी बाहेरच्या बाजूला सरकलेला दिसेल. खचल्याच्या भेगेत सकाळ-दुपारचा फरक नगण्य असतो, पण महिन्यामहिन्याने आकडा वाढत जातो किंवा पावसाळ्यात भेग मिटून उन्हाळ्यात पुन्हा उघडते. काचेची पट्टी चिकटवायची जुनी पद्धत इथे अपुरी पडते. दोन्ही प्रकारांत काच तडकते, आणि का तडकली ते तिच्यावरून कळत नाही.

भारतीय मानक ब्यूरोच्या 1984 च्या भेगांवरील पुस्तिकेत एक मिलिमीटरहून कमी भेग बारीक, एक ते दोन मध्यम आणि दोनच्या वर रुंद धरली आहे. रुंदी महत्त्वाची खरी, पण वाढ त्याहून महत्त्वाची. तीन मिलिमीटरच्या स्थिर भेगेपेक्षा एकाची दोन होत चाललेली भेग मला जास्त काळजीची वाटते.

तापमानाच्या भेगेत सिमेंट भरणं व्यर्थ आहे, कारण ती हलत राहणार. ती खाच करून थोडी रुंद करायची आणि ताणली जाणारी पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेनची लवचीक भर घालायची, तीही भेग फार उघडी किंवा फार मिटलेली नसताना. स्लॅबखालच्या गिलाव्यात सरळ खाच ठेवली की हालचाल तिथेच मुरते. मूळ उपाय स्लॅब कमी तापू देण्याचा. पांढरा परावर्तक लेप किंवा ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या चायना टाइलचे तुकडे यांनी तो होतो. नव्या घरात भिंतीचा माथा गुळगुळीत करून, वर टारपेपर घालून स्लॅब टाकला की तो भिंतीला न ओढता सरकू शकतो. मात्र कठडा बाहेर कलला असेल, किंवा भेगेतून गंजाचा तपकिरी ओघळ येत असेल, तर मामला तापमानापुरता राहिलेला नाही. कलत्या कठड्याजवळ मुलांना जाऊ देऊ नका.

मागच्या कोपऱ्याच्या भेगेला आधी हात लावायचा नाही. आधी चेंबर आणि पाइप तपासून गळती थांबवायची, जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उताराचा पक्का पट्टा करायचा, पावसाचं पाणी पायाशी साचू द्यायचं नाही. दारं अडकायला लागली, फरशी एका बाजूला उतरली किंवा भेग दोन मिलिमीटरच्या पुढे वाढत राहिली, तर वॉटरप्रूफिंगवाल्याऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. पाया खालून बळकट करायचा की नाही हे तो माती पाहून ठरवेल. कारण दूर केल्यावरही एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा स्क्रूंमधलं अंतर मोजत राहायचं, आणि आकडा थांबला की मगच भेग भरायची.