खेळ एका संगणकावर, प्रक्षेपण दुसऱ्यावरून

संगणकावर गेम खेळत खेळत तो यूट्यूब किंवा ट्विचवर थेट दाखवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. एरवी लोण्यासारखा चालणारा गेम स्ट्रीम सुरू केला की अडखळायला लागतो. यात गेमचा दोष नाही, आणि बहुतेक वेळा इंटरनेटचाही नाही. एकाच यंत्राला दोन अवजड कामं लावल्याचा तो परिणाम असतो.

दुसरं काम किती अवजड आहे ते पाहा. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात आणि अशी ६० चित्रं दर सेकंदाला तयार होतात. ही सगळी माहिती कच्च्या स्वरूपात पाठवायची तर सेकंदाला साधारण दीड गिगाबिट लागतील. स्ट्रीम मात्र सेकंदाला सहा मेगाबिटच्या आसपास पाठवला जातो. म्हणजे माहिती अडीचशे पटींनी आवळायची, तीही चित्र फारसं न बिघडवता आणि एकही क्षण न थांबता. याला एन्कोडिंग म्हणतात. ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये x264 हा पर्याय निवडला की हे काम प्रोसेसरवर येतं. काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेमला नेमका प्रोसेसरच सर्वांत जास्त लागतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेम जेमतेम सात मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, आणि तेवढ्यात एन्कोडर मध्ये घुसला की ती फ्रेम उशिरा येते. सरासरी एफपीएस फारसा पडलेला दिसत नाही, पण ऐन चकमकीत, जेव्हा गेमलाही जास्त ताकद हवी असते, तेव्हा हिसका बसतो.

दोन संगणकांच्या मांडणीत हे काम घराबाहेर काढलं जातं. गेमच्या संगणकातून निघालेली एचडीएमआय केबल मॉनिटरऐवजी कॅप्चर कार्डात जाते. कार्डाच्या दुसऱ्या एचडीएमआय खोबणीतून, म्हणजे पासथ्रूमधून, चित्र तसंच पुढे मॉनिटरला मिळतं. त्याच चित्राची एक प्रत कार्ड यूएसबीने दुसऱ्या संगणकाला देतं. ओबीएस चालतं ते त्या दुसऱ्या संगणकावर. गेमच्या संगणकाला या भानगडीचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी तो नेहमीसारखाच एका पडद्याला चित्र पाठवतो आहे. प्रत काढण्याचं काम कार्डातली चिप करते, म्हणून एफपीएसला खरोखर धक्का लागत नाही.

पण हे सगळं पासथ्रू वापरला तरच. बरेच जण मॉनिटर ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला तसाच ठेवतात, कॅप्चर कार्ड वेगळ्या एचडीएमआयला लावतात आणि विंडोजमध्ये Duplicate these displays निवडतात. आता विंडोजला दोन पडदे दिसतात, एक १४४ हर्ट्झचा आणि एक ६० चा. दोघांवर एकच चित्र दाखवायचं म्हणून बहुतेक वेळा ते मॉनिटरलाही ६० वर आणतं. गंमत अशी की गेमच्या कोपऱ्यातला आकडा तरीही दोनशे एफपीएस दाखवत राहतो, कारण गेम तेवढ्या फ्रेम खरंच बनवत असतो. डोळ्यांपर्यंत पोचतात त्यातल्या ६०. आकडा शाबूत आणि खेळ जड, अशी तक्रार ऐकली की मी आधी विंडोजच्या Advanced display मध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट बघायला सांगतो. उलगडा बऱ्याचदा तिथेच होतो.

कार्ड विकत घेतानाही गफलत इथेच होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४के’ छापलेलं असतं, पण ते कार्ड किती हर्ट्झ पासथ्रू करतं हे बारीक अक्षरांत असतं. कार्ड आपण काय काय झेपवू शकतो याची यादी ग्राफिक्स कार्डाला कळवतं. त्या यादीत १४४ हर्ट्झ नसेल तर तुमच्या मॉनिटरला तो पर्याय मिळणारच नाही. काही स्वस्त कार्डांना पासथ्रूच नसतो. ती यूएसबी २.० वर चालतात आणि त्या अरुंद वाटेतून दीड गिगाबिट जाऊ शकत नाहीत, म्हणून चित्र आधीच चुरगाळून पाठवतात. चांगलं कार्ड घेऊन ते चुकून जुन्या यूएसबी खोबणीत खुपसलं, तरी गत तीच होते.

पासथ्रू १४४ ला चालला तरी एक बारीक खोट राहते. १४४ मधून ६० फ्रेम उचलायच्या म्हणजे दर २.४ फ्रेममागे एक. पाव-अर्धी फ्रेम उचलता येत नाही, म्हणून कार्ड कधी दोनांमागे एक, कधी तिनांमागे एक घेतं. खेळणाऱ्याला काहीच जाणवत नाही, पण प्रेक्षकाला कॅमेरा सावकाश वळताना चित्र बारीक थरथरताना दिसतं. मॉनिटर १२० वर ठेवला की बरोबर एकाआड एक फ्रेम उचलली जाते आणि थरथर जाते. स्पर्धेत उतरणारे १४४ सोडायला तयार होत नाहीत. माझ्या मते रोजच्या स्ट्रीमला १२० बरा.

आवाज मात्र डोकेदुखी आहे. गेमचा आवाज एचडीएमआयमधूनच कार्डात जातो, पण विंडोजने आवाज एचडीएमआयला दिला की हेडफोन मुके होतात. मॉनिटरला हेडफोनची खोबण असेल तर पासथ्रूमधून आलेला आवाज तिथे मिळतो, हा सर्वांत सोपा तोडगा. माइक थेट स्ट्रीमच्या संगणकाला लावला तर वेगळीच पंचाईत होते. तुमचा आवाज लगेच पोचतो, गेमचं चित्र कार्डातून येताना थोडं रेंगाळतं. प्रेक्षकांना तुमचं ‘मेला!’ आधी ऐकू येतं आणि गोळी नंतर सुटते. फरक मोजायला माइकजवळ माउस धरून एक गोळी झाडा, ते रेकॉर्ड करा आणि एडिटरमध्ये फ्रेम मोजा. माउसच्या टिकटिकीनंतर बंदुकीचा जाळ सहा फ्रेमनी दिसला, तर प्रत्येकी १६.७ मिलिसेकंद धरून तो फरक १०० मिलिसेकंद होतो. ओबीएसच्या Advanced Audio Properties मध्ये माइकच्या Sync Offset ला १०० टाकलं की माइकचा आवाज तेवढाच मागे सरकतो. त्यात गेमचा स्वतःचा थोडा उशीरही मोजला जातो, त्यामुळे शेवटी पाच-दहाचा फरक कानाने ऐकून करावा.

दोन संगणकांचा आवाज साध्या ३.५ मिमी केबलने जोडू गेलात तर पाठीमागे सतत घूंऽऽ ऐकू येण्याची शक्यता असते. दोघांच्या अर्थिंगमधून त्या केबलमार्गे वर्तुळ पूर्ण होतं, म्हणून ती घरघर येते. दोन्ही संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी गेली नाही तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा लागतो.

स्ट्रीम तरीही अडकत असेल तर ओबीएसची Stats खिडकी उघडावी. तिथे Skipped frames due to encoding lag वाढत असेल तर दुसरा संगणक कमी पडतो आहे, x264 चा प्रीसेट veryfast कडे न्यावा. Dropped frames वाढत असतील तर इंटरनेटकडे बघावं. या दोन्हींत गेमच्या संगणकाला हात लावायची गरज नसते.

एवढा खटाटोप आज प्रत्येकाला लागत नाही, हेही खरं. एनव्हिडियाने २०१८ साली आरटीएक्स २० मालिकेत ग्राफिक्स कार्डावरचा एन्कोडर बराच सुधारला. एन्कोडिंगसाठी त्यात वेगळाच भाग असतो, त्यामुळे प्रोसेसर मोकळा राहतो. फक्त ओबीएसला चित्राची जुळवाजुळव करायला तेच ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि गेमने ते ९९ टक्के व्यापलं असेल तर पुन्हा ओढाताण सुरू होते. यावर पहिला, फुकटचा उपाय म्हणजे गेमला एफपीएसची मर्यादा घालून कार्डाला थोडा श्वास घेऊ देणं. तेवढ्याने भागलं नाही, घरात यूएसबी ३.० असलेला आणि एन्कोडिंग झेपणारा एखादा लॅपटॉप पडून असला, तर मग कॅप्चर कार्डाचे पैसे मोजायला हरकत नाही.