चौऱ्याण्णवाव्या संख्येत हरवलेला हातचा

१, १, २, ३, ५, ८, १३ ही संख्यामाला बहुतेकांच्या ओळखीची असते. शेवटच्या दोन संख्या मिळवल्या की पुढची संख्या मिळते. जगभर ती फिबोनाचीच्या नावाने चालते. आपल्याकडे लघु-गुरूंच्या रचना मोजताना विरहांक आणि नंतर बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी ती फिबोनाचीच्या आधीच मांडली होती. सी भाषा शिकणारा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच या मालेचा प्रोग्रॅम लिहितो. तीन चल आणि एक लूप, एवढ्यात काम होते.

पडद्यावर संख्या भराभर उमटत जातात. त्र्याण्णवावी संख्या येते : १२२००१६०४१५१२१८७६७३८. ती बरोबर असते. मग चौऱ्याण्णवावी येते : १२९३५३०१४६१५८६७१५५१. दोन धन संख्यांची बेरीज आधीच्या संख्येपेक्षा लहान कशी? प्रोग्रॅम थांबलेला नसतो आणि कुठलीही चूक दाखवलेली नसते. खरे उत्तर आहे १९७४०२७४२१९८६८२२३१६७.

कारण साधे आहे. सीमधला सर्वांत मोठा नेहमीचा पूर्णांक, म्हणजे `unsigned long long`, आजच्या संगणकांवर ६४ बिटांचा असतो. त्यात जास्तीत जास्त १८४४६७४४०७३७०९५५१६१५ मावते. त्यापुढे गेलेली बेरीज चाकावरचा आकडा फिरावा तशी पुन्हा शून्यापासून मोजली जाते आणि वरचा भाग गळून पडतो. हा प्रकार ऋण संख्याही ठेवणाऱ्या `int`मध्ये झाला, तर काय व्हावे हे सी भाषेच्या नियमांनी ठरवलेलेच नाही. तिथे उत्तरावर भरवसा ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

यावरचा उपाय प्रत्येकाने तिसरी-चौथीत गिरवलेला आहे. संख्या एकाच डब्यात कोंबायची नाही, तिचा एकेक अंक अ‍ॅरेच्या एकेका खान्यात ठेवायचा. बेरीज वहीवर करतो तशीच करायची : उजवीकडून सुरुवात, एककाखाली एकक, दशकाखाली दशक, आणि हातचा पुढच्या घरात.

पहिला निर्णय अंक कोणत्या क्रमाने ठेवायचे याचा असतो. वाचताना आपण डावीकडून वाचतो, म्हणून ४२९ ही संख्या ४, २, ९ अशी ठेवावीशी वाटते. पण बेरीज एककापासून सुरू होते आणि संख्या वाढते ती डाव्या टोकाला. सरळ क्रमात ठेवलेल्या दोन संख्यांची लांबी वेगळी असली, तर एककाखाली एकक आणायला आधी हिशोब करावा लागतो. शिवाय उत्तर एका अंकाने वाढले की सगळे अंक एकेक खाना सरकवावे लागतात. म्हणून अंक उलटे ठेवतात : शून्याव्या खान्यात एकक, पहिल्यात दशक, दुसऱ्यात शतक. मग खान्याचा क्रमांक म्हणजेच स्थान ठरते आणि नवा अंक शेवटी सहज जोडता येतो. छापताना मात्र शेवटून सुरुवात करायची.

```c
int berij(int a[], int na, int b[], int nb, int c[])
{
    int i, s, hatcha = 0;
    int n = na > nb ? na : nb;
    for (i = 0; i < n; i++) {
        s = hatcha;
        if (i < na) s += a[i];
        if (i < nb) s += b[i];
        c[i] = s % 10;
        hatcha = s / 10;
    }
    if (hatcha) c[n++] = hatcha;
    return n;
}
```

इथे `na` आणि `nb` म्हणजे दोन संख्यांमधले अंक किती ते. आता चौऱ्याण्णवावी संख्या या रीतीने काढू. ब्याण्णवावी संख्या ७५४०११३८०४७४६३४६४२९, तिचा शेवट ४२९. त्र्याण्णवावीचा शेवट ७३८. ९ आणि ८ मिळून १७ : खान्यात ७, हातचा १. मग २, ३ आणि हातचा मिळून ६ : हातचा नाही. ४ आणि ७ मिळून ११ : खान्यात १, हातचा १. असे करत एकोणीस घरे होतात. विसाव्या घरात ब्याण्णवाव्या संख्येकडे अंकच नाही, म्हणून `if (i < na)` ही अट ती जागा सोडून देते आणि त्र्याण्णवावीतला १ तसाच खाली उतरतो. उत्तर वीस अंकी आणि बरोबर येते. यापुढे मर्यादा एकच : अ‍ॅरे किती लांब घेतला. मालेतली पहिली हजार अंकी संख्या ४७८२ वी आहे, आणि हजारापेक्षा थोडे अधिक खाने घेतले तर हाच प्रोग्रॅम तिथपर्यंत पोचतो.

दोन अंकांच्या बेरजेत हातचा एकापेक्षा मोठा कधीच होत नाही. वाईटात वाईट म्हणजे ९, ९ आणि आधीचा हातचा १, मिळून १९. म्हणजे `hatcha`मध्ये शून्य किंवा एक एवढेच असते. पण हा एक कुठवर जाईल ते आधी सांगता येत नाही. ज्या घरातल्या दोन अंकांची बेरीज नेमकी ९ असते, ते घर आलेला हातचा जसाच्या तसा पुढे ढकलते. बेरीज ८ किंवा कमी असेल तर हातचा तिथेच जिरतो. अंकांच्या शंभर जोड्यांपैकी फक्त दहांची बेरीज ९ होते. म्हणून अंक कसेही पडले असतील, तर हातचा सलग तीन घरे ओलांडून जाण्याची शक्यता हजारात एक. मात्र ९९९९९९ मध्ये १ मिळवला की एककातला हातचा थेट डाव्या टोकापर्यंत धावतो.

ब्लेझ पास्कालने १६४० च्या दशकात बेरजेचे यंत्र बनवले, तेव्हा त्याला याच साखळीने अडवले होते. एका चाकाने पुढच्याला ढकलायचे ठरवले, तर सगळी चाके नवावर असताना एककाच्या चाकावर सगळ्यांचा भार येतो. त्याने प्रत्येक चाकाजवळ एक लहान वजनदार तरफ ठेवली. चाक फिरताना ती हळूहळू उचलली जाई आणि नवावरून शून्यावर येताना खाली पडून शेजारच्या चाकाला एक घर पुढे सरकवी. आपल्या लूपला ताकद लागत नाही. पण एक बंधन तसेच राहते : मागच्या घराचा हातचा कळल्याशिवाय पुढच्या घराचे उत्तर पक्के होत नाही.

म्हणूनच चुकाही बहुधा हातच्याभोवती होतात. लूप संपल्यावर उरलेला हातचा लिहायचा राहिला, तर ९९९ आणि १ यांची बेरीज ००० येते. लहान संख्या संपली की लूपही थांबवला, तर ९९९ मध्ये १ मिळवल्यावर फक्त एकक बदलतो. उत्तराचा अ‍ॅरे मोठ्या संख्येइतकाच लांब ठेवला, तर शेवटचा हातचा अ‍ॅरेच्या बाहेर लिहिला जातो. सी भाषा ते तपासत नाही. शेजारचा दुसराच चल बिघडतो आणि चूक भलत्या ठिकाणी दिसते. म्हणून मोठ्या संख्येपेक्षा एक खाना तरी जास्त हवा.

आणखी एक चूक संख्या वाचतानाच होते. कीबोर्डवरून आलेला ७ हा अक्षर असतो आणि अ‍ॅस्की संकेतात त्याचा क्रमांक ५५ असतो, पाचाचा ५३. `'0'` वजा न करता बेरीज केली, तर ७ आणि ५ मिळून १०८ होतात आणि हातचा थेट १० येतो. हातच्यात एकाहून मोठा आकडा दिसला की समजावे, खान्यात अंकाऐवजी दुसरेच काहीतरी शिरले आहे.

एका खान्यात एकच अंक ठेवणे समजायला सोपे, पण फार उधळे. `int`मध्ये २१४७४८३६४७ पर्यंतची संख्या मावते, आणि आपण त्यात नवापुढे जात नाही. म्हणून व्यवहारात एका खान्यात नऊ अंक ठेवतात. रीत तीच राहते, फक्त दहाच्या जागी एक अब्ज येतो. खान्यातली सर्वांत मोठी संख्या ९९९९९९९९९, अशा दोन आणि हातचा मिळून १९९९९९९९९९. ही `int`च्या मर्यादेत बसते, दहा अंक ठेवले असते तर बसली नसती. शहाण्णवावी संख्या पाहा. ८६८२२३१६७ आणि ९९००९९९०५ मिळून १८५८३२३०७२ : खान्यात ८५८३२३०७२, हातचा १. मधल्या खान्यात ७४०२७४२१९, ९४०४३४६३४ आणि हातचा मिळून १६८०७०८८५४ : खान्यात ६८०७०८८५४, हातचा १. शेवटी १९, ३१ आणि १ मिळून ५१. वीस घरांची बेरीज तीन घरांत आटोपली.

इथला सापळा छापताना असतो. ९९९९९९९९९ मध्ये १ मिळवला की पहिल्या खान्यात ० आणि दुसऱ्यात १ राहतो. साध्या `%d`ने छापले तर एक अब्जाऐवजी १० दिसते. सर्वांत वरचा खाना सोडून बाकीचे `%09d`ने छापावे लागतात, म्हणजे गळालेली शून्ये परत येतात.

याहून पुढे जायचे, तर पूर्ण ६४ बिटांचा खाना वापरायचा. मग भागाकार लागत नाही, पण हातचा सापडतच नाही, कारण तो गळून पडलेला असतो. चौऱ्याण्णवाव्या संख्येत हेच झाले होते. पण त्याची खूण मागे राहते : बेरीज मिळवलेल्या संख्येपेक्षा लहान येते.

```c
s = a[i] + b[i];
k1 = s < a[i];
c[i] = s + hatcha;
k2 = c[i] < s;
hatcha = k1 + k2;
```

तपासणी दोनदा करावी लागते, कारण आलेला हातचा मिळवतानाही खाना उलटू शकतो. दोन्ही वेळा मात्र तो उलटत नाही, म्हणून `hatcha` इथेही एकाच्या पुढे जात नाही. प्रोसेसर स्वतः हातचा एका बिटात लक्षात ठेवतो. इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसरांमध्ये त्यासाठी `adc` अशी खास सूचना आहे, पण साध्या सीमधून त्या बिटापर्यंत थेट पोचता येत नाही. जीएमपीसारखी मोठ्या संख्यांची लायब्ररी ही आतली फेरी म्हणूनच बहुतेक प्रोसेसरांसाठी असेम्ब्ली भाषेत लिहिते.

हजार अंकी दोन संख्यांच्या बेरजेला एकेका अंकाच्या रीतीने हजार फेऱ्या लागतात, नऊ अंकांच्या रीतीने ११२ आणि ६४ बिटांच्या रीतीने ५२. तरी शेवटची रीत नेहमीच स्वस्त पडते असे नाही. तिच्यातली संख्या दशमानात छापायची तर सगळी संख्या पुन्हा पुन्हा भागावी लागते, आणि ते काम बेरजेहून कितीतरी जड असते. बेरजा थोड्या आणि छपाई वारंवार असेल, तर नऊ अंकांचा खाना परवडतो. लाखो बेरजांनंतर एकदाच छापायचे असेल, तेव्हा ६४ बिटांचा.