रुपया तोच, वाट वेगळी, कर वेगळा

पुण्यातल्या एका खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. त्यांचा वर्षाचा करपात्र पगार १५,५०,००० रुपये, त्यातलं मूळ वेतन ७,५०,००० रुपये. त्या नव्या करप्रणालीत आहेत आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, वर्षाला १,०५,००० रुपये टाकायचं त्यांनी ठरवलं आहे. हे पैसे टाकायच्या त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. पगार हातात घेऊन स्वतः भरायचे, किंवा कंपनीला सांगायचं की पगारातला तेवढा भाग ‘कंपनीचा हिस्सा’ म्हणून थेट खात्यात जमा करा. खातं एकच, रक्कमही तीच. कर मात्र एका वाटेवर पूर्ण लागतो, दुसऱ्या वाटेवर मुळीच नाही.

याचं कारण आयकर कायदा या दोन हिश्शांना दोन वेगळी कलमं लावतो. (इथली कलमं १९६१च्या कायद्यातली आणि आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येत असल्यामुळे त्यानंतर कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील.)

आधी कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा पाहू. त्याला कलम ८०सीसीडी(१) लागू होतं. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्या १० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. पण ती दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत मोडते आणि ती मर्यादा बहुतेकांची पीएफ, विमा आणि गृहकर्जाच्या मुद्दलातच भरलेली असते. म्हणून ८०सीसीडी(१बी) या पोटकलमाने एनपीएससाठी ५०,००० रुपयांची जादा वजावट ठेवली आहे. या दोन्ही सवलती फक्त जुन्या करप्रणालीत आहेत. नव्या प्रणालीत स्वतः भरलेल्या पैशांवर एका रुपयाचीही वजावट नाही.

कंपनीच्या हिश्शाला ८०सीसीडी(२) लागू होतं आणि ही वजावट नव्या प्रणालीतही शाबूत आहे. दीड लाखाच्या मर्यादेशी तिचा संबंध नाही. खासगी नोकरीत जुन्या प्रणालीसाठी ही मर्यादा वेतनाच्या १० टक्के आहे. नव्या प्रणालीसाठी ती २०२४-२५ पासून १४ टक्के झाली. केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोन्ही प्रणालींत १४ टक्के मिळतात.

आता बाईंचा हिशोब करू. साडेसात लाखांचे १४ टक्के म्हणजे बरोबर १,०५,००० रुपये. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरली तर त्यांचं उत्पन्न १४,७५,००० होतं. कंपनीचा हिस्सा वजा केला की ते १३,७०,००० उरतं. हा सगळा फरक १५ टक्क्यांच्या टप्प्यात येतो, म्हणून कर १५,७५० रुपयांनी आणि उपकरासह १६,३८० रुपयांनी कमी होतो. स्वतः भरले असते तर हे १६,३८० रुपये गेले असते. अर्थात कंपनी हे पैसे वरून देत नाही, ते बाईंच्याच एकूण पगारातून कापले जातात. वर्षाला हातात येणारी रक्कम ८८,६२० रुपयांनी घटते आणि खात्यातला पैसा बराचसा निवृत्तीपर्यंत अडकून राहतो. घरखर्च ओढाताणीचा असेल तर केवळ करासाठी हा मार्ग धरू नये.

मोठ्या पगारदारांसाठी आणखी एक कुंपण आहे. पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून कंपनीचा हिस्सा वर्षाला साडेसात लाखांवर गेला, तर वरची रक्कम करपात्र सुविधा मानली जाते. मूळ वेतन ३० लाख असेल तर पीएफचे १२ टक्के म्हणजे ३,६०,००० आणि एनपीएसचे १४ टक्के म्हणजे ४,२०,००० रुपये होतात. बेरीज ७,८०,०००, म्हणून ३०,००० रुपयांवर कर. त्या जादा रकमेवर खात्यात जी वाढ होईल, तीही दरवर्षी करपात्र.

घोळ होतो तो बहुतेक वेळा कागदावर. कंपनीचा हिस्सा आधी पगारात मिळवायचा आणि मग ८०सीसीडी(२) खाली वजा करायचा, हा क्रम आहे. फॉर्म १६ मध्ये तो पगारात मिळवलेलाच नसेल आणि वजावट मात्र घेतली असेल, तर एकाच रकमेचा फायदा दोनदा घेतला जातो. काही जण कंपनीचाच हिस्सा पुन्हा ५०,००० च्या वजावटीत दाखवतात. पडताळणी सोपी आहे. एनपीएसच्या व्यवहार विवरणात कर्मचाऱ्याचा आणि मालकाचा हिस्सा वेगवेगळ्या रकान्यांत असतो. ते आकडे फॉर्म १६शी जुळले पाहिजेत. आणि पैसे टियर-१ मध्येच गेलेत ना, हेही पाहावं. खासगी कर्मचाऱ्याने टियर-२ मध्ये टाकलेल्या पैशांवर वजावट मिळत नाही.

आता दुसरं टोक, म्हणजे निवृत्तीनंतर पैसे काढणं. कलम १०(१२ए) नुसार खातं बंद करताना मिळणाऱ्या एकूण रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत करमाफी आहे. बाईंच्या खात्यात साठाव्या वर्षी ५० लाख जमले असं धरू. ३० लाख एकरकमी घेतले तर त्यावर कर नाही. उरलेल्या २० लाखांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारी नियमित पेन्शन, विकत घेतली तर त्या वेळीही कर नाही. पण ती पेन्शन हातात येऊ लागली की दरवर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. साडेसहा टक्के दर मानला तर वर्षाला १,३०,००० रुपये येतील आणि त्यांच्यावर त्या वर्षीच्या टप्प्याप्रमाणे कर लागेल.

डिसेंबर २०२५ मध्ये पेन्शन नियामक, म्हणजे पीएफआरडीएने, बिगरसरकारी सदस्यांना ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी काढायची मुभा दिली. किती काढता येईल हे नियामक ठरवतो, कर किती माफ हे आयकर कायदा ठरवतो. आणि हा बदल झाला तेव्हा कायद्यातली माफी ६० टक्क्यांवरच होती. म्हणजे बाईंनी ४० लाख काढले तर १० लाख माफीच्या बाहेर पडतात.

हे १० लाख कोणत्या वर्षी हातात येतात, याला फार महत्त्व आहे. आजच्याच दरांनी पाहू. पगाराच्या शेवटच्या वर्षातच ते घेतले, तर १३,७०,००० च्या उत्पन्नावर चढून ते २३,७०,००० वर नेतात आणि उपकरासह २,१५,२८० रुपये जादा कर बसतो. पण खातं चालू ठेवून पगार थांबल्यानंतरच्या आर्थिक वर्षात काढले, तर चित्र पालटतं. तेव्हा त्यांच्या हाती हे १० लाख आणि उरलेल्या १० लाखांच्या ॲन्युइटीचे साधारण ६५,००० रुपये येतील. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. व्याज वगैरे धरून त्या मर्यादेत राहिलं, तर या दहा लाखांवर काहीच भरावं लागत नाही. एनपीएसमध्ये साठीनंतरही रक्कम काढणं पुढे ढकलता येतं. म्हणून पैसे काढायचा अर्ज भरण्यापूर्वी त्या आर्थिक वर्षात आपलं बाकीचं उत्पन्न किती आहे, याची बेरीज आधी करावी.