स्लॅब ओलांडला, पण कमिशन कशावर?

टाइल्सच्या एका घाऊक विक्रेत्याकडचा सेल्समन घेऊ. नेमणूकपत्रात कमिशनचे तीन स्लॅब आहेत: महिन्याच्या विक्रीवर ५ लाखांपर्यंत २ टक्के, ५ ते १० लाखांना ३ टक्के आणि १० लाखांच्या वर ५ टक्के. या महिन्यात त्याने १०,४०,००० रुपयांचा माल विकला. त्याचं कमिशन किती?

मालकाच्या मनात टप्प्याटप्प्याचा हिशेब आहे. पहिल्या ५ लाखांचे १०,०००, पुढच्या ५ लाखांचे १५,००० आणि वरच्या ४० हजारांचे २,०००, म्हणजे एकूण २७,००० रुपये. आपला प्राप्तिकर याच पद्धतीने आकारला जातो. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या उत्पन्नाला लागतो, खालच्या रकमेला हात लागत नाही. पण हिशेबनीसाच्या एक्सेलमध्ये विक्री १० लाखांवर गेली की ५ टक्के दर अख्ख्या रकमेला लागतो आणि आकडा येतो ५२,०००.

तिथलं सूत्र बहुधा असं असतं:

```
=B2*IF(B2>1000000,5%,IF(B2>500000,3%,2%))
```

हे सूत्र आधी दर निवडतं आणि मग सगळ्या विक्रीला त्याने गुणतं. एक्सेलच्या दृष्टीने यात काहीच चुकलेलं नाही, त्यामुळे लाल खूण येत नाही. आकडाही अगदीच अशक्य वाटत नाही. म्हणून ही गफलत महिनोन्‌महिने तशीच राहू शकते.

ती पकडायला सीमेवरचे दोन आकडे पुरतात. विक्रीच्या रकान्यात आधी १०,००,००० टाका आणि मग १०,००,००१. विक्री एका रुपयाने वाढली, तर कमिशन पाच पैशांनी वाढायला हवं. वरच्या सूत्रात ते ३०,००० वरून एकदम ५०,००० च्या पुढे जातं. जुने महिने तपासतानाही एक गोष्ट उपयोगी पडते. या स्लॅबमध्ये जादा गेलेली रक्कम ठरलेली असते: मधल्या टप्प्यात नेमके ५,००० आणि वरच्या टप्प्यात नेमके २५,०००, मग विक्री ११ लाख असो की ३० लाख. कारण खालच्या टप्प्यांवर चुकून लागलेला जादा दर तेवढाच असतो. किती सेल्समन किती महिने कोणत्या टप्प्यात होते एवढं मोजलं, की एकूण फरक हाती येतो.

पैशांपेक्षा मोठं नुकसान मला महिनाअखेरीच्या वागण्यात दिसतं. २९ तारखेला एखाद्याची विक्री ९,९०,००० वर असेल, तर पुढच्या दहा-अकरा हजारांच्या बिलावर त्याचे वीस हजार अवलंबून असतात. तो ओळखीच्या दुकानदाराला गळ घालतो, नको असलेला माल त्याच्या गोदामात उतरवतो आणि पुढच्या महिन्यात तोच माल क्रेडिट नोटवर परत येतो. ज्याची विक्री ८ लाखांवर अडकली आहे, तो हातातली ऑर्डर दाबून ठेवतो, पुढच्या महिन्यात कामी येईल म्हणून. याला त्याची लबाडी म्हणणं मला पटत नाही. तो फक्त समोरच्या हिशेबाला धरून चालतो.

हीच उडी कायद्यात आली, की काय होतं हे ब्रिटनने पाहिलं आहे. तिथे घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क २०१४ पर्यंत अख्ख्या किमतीवर होतं. २,५०,००० पौंडांना १ टक्का आणि त्याच्या वर गेलं, की सगळ्या किमतीवर ३ टक्के. एका पौंडासाठी शुल्क २,५०० वरून साडेसात हजारांवर जाई. साहजिकच घरांचे सौदे २,५०,००० च्या अलीकडे दाटीने होत आणि त्याच्या जरा पलीकडच्या किमतीला घर विकणं अवघड होई. ४ डिसेंबर २०१४ पासून तिथे टप्प्याटप्प्याची आकारणी आली.

आपल्या सूत्राची दुरुस्ती सोपी आहे. सगळ्या विक्रीला पायाचा दर लावायचा आणि प्रत्येक सीमेच्या वरच्या रकमेवर फक्त दरातला फरक मिळवायचा:

```
=B2*2%+MAX(0,B2-500000)*1%+MAX(0,B2-1000000)*2%
```

१०,४०,००० ला हे २०,८००, ५,४०० आणि ८०० मिळून बरोबर २७,००० देतं.

मात्र सूत्राला हात लावण्याआधी नेमणूकपत्र वाचायला हवं. काही ठिकाणी टार्गेट गाठलं, की पहिल्या रुपयापासून वरचा दर द्यायचा, असं मुद्दाम ठरवलेलं असतं आणि तसं असेल, तर ५२,००० हा त्या माणसाचा हक्क आहे. ‘विक्री १० लाखांवर गेल्यास ५ टक्के’ या वाक्यातून मात्र दोन्ही अर्थ निघतात. अशा पत्राच्या आधारावर जुन्या पगारातून कपात करणं मला अन्यायाचं वाटतं. नव्या महिन्यापासून लागू होईल असं पत्र द्यावं, ‘१० लाखांच्या वरच्या रकमेवरच ५ टक्के’ असं स्पष्ट लिहावं आणि त्याखाली १०,४०,००० चा हिशेब टप्प्यांसकट मांडून दोघांनी सही करावी.