पेटीतली सारी संत्री किती दिवसांत नासतील?

पेटीत एक नासके संत्रे राहिले की शेजारचीही नासतात, हा घरोघरचा अनुभव आहे. लिंबूवर्गीय फळांवरची निळी बुरशी तर साल शाबूत असली तरी नुसत्या स्पर्शाने पुढच्या फळात शिरू शकते. मग शेवटचे संत्रे कधी नासेल? संगणकशास्त्रात हे उत्तर काढण्याची ठरलेली रीत आहे. तिला ‘मल्टी-सोर्स ब्रेड्थ फर्स्ट सर्च’ म्हणतात, म्हणजे अनेक ठिकाणांहून एकदमच सुरू होणारा, थराथराने पुढे सरकणारा शोध.

बारा खणांची पेटी घेऊ. ‘न’ म्हणजे नासके, ‘च’ म्हणजे चांगले आणि ‘०’ म्हणजे रिकामा खण.

न च च च
च ० ० च
च च च न

नासके फळ एका दिवसात वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याला नासवते, तिरप्या शेजाऱ्याला नाही, असे धरू.

आधी चांगली संत्री मोजायची. ती आठ आहेत. मग दोन्ही नासकी संत्री एकाच रांगेत उभी करायची. पहिल्या दिवशी प्रत्येकाचे दोन-दोन शेजारी नासतात आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात. चार उरली. दुसऱ्या दिवशी या नव्या चौघांची पाळी येते आणि उरलेली चारही नासतात. उत्तर, दोन दिवस. नासके संत्रे फक्त डाव्या कोपऱ्यातले असते, तर समोरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायला पाच दिवस लागले असते. म्हणूनच एका उगमाचा हिशेब संपवून मग दुसरा करायचा आणि दोन्हींची बेरीज घ्यायची, हे चुकते.

चूक आणखी दोन ठिकाणी होते. रांग न लावता खण डावीकडून उजवीकडे तपासत गेले, तर आजच नासलेले फळ आजच पुढच्याला नासवते आणि पहिली ओळ एका दिवसातच संपते. दुसरी चूक शेवटी होते. दुसऱ्या दिवसाअखेर रांगेत चार फळे उभी असतात, पण नासवायला कोणी उरलेले नसते. तरीही दिवस वाढवला तर उत्तर तीन येते. यासाठी चांगल्यांची संख्या शून्य होताच मोजणी थांबवायची.

आता वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या संत्र्याचे दोन्ही शेजारी काढून घ्या. रांग रिकामी होते, तरी एक चांगले उरते. अशा वेळी उत्तर उणे एक द्यायचा प्रघात आहे. त्याचा अर्थ, सारी संत्री कधीच नासणार नाहीत.

खऱ्या पेटीत मात्र बुरशीचा वेग तापमान आणि ओलाव्यावर ठरतो आणि तिचे बीजाणू हवेतूनही उडतात. म्हणून या हिशेबातला ‘दिवस’ म्हणजे संसर्गाचा एक टप्पा, एवढेच समजावे.